मजकूर लिहून देणं आणि लिहिणं सोपं करणं

खूश असलेल्या क्लायंटला म्हटलं, "दोन ओळींचा अभिप्राय द्याल का?" की लगेच उत्तर येतं, "हो, नक्की!" आणि मग महिनाभर काही येत नाही. त्यांचं मन नसतं असं नाही. "काहीही लिहा" म्हटलं की नेमकं काय लिहायचं हेच सुचत नाही, आणि काम मागे पडतं.

त्यावर दोन उपाय केले जातात. एक म्हणजे मजकूर आपणच लिहून पाठवायचा आणि विचारायचं, "असं टाकू का?" दुसरा म्हणजे दोन-तीन नेमके प्रश्न पाठवायचे आणि आलेल्या उत्तरांतून मजकूर जुळवायचा. दोन्हींमध्ये क्लायंटचा वेळ वाचतो, म्हणून ते एकच वाटतात. पण पहिल्यात शब्द आपले आणि नाव त्यांचं असतं, तर दुसऱ्यात शब्दही त्यांचेच असतात.

तयार मजकुराला "चालेल" असं उत्तर दोन मिनिटांत येतं, मोह होतो तो त्यामुळेच. पण स्वतःबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप "वेळेवर, दर्जेदार, व्यावसायिक" याच शब्दांकडे वळतो. असे पाच अभिप्राय एका पानावर आले की पाचही एकाच माणसाने लिहिलेत हे वाचणाऱ्याला कळतं. शिवाय क्लायंट भिडेखातर हो म्हणतो. उद्या कुणी त्याला फोन करून विचारलं, तर आपल्या नावाखाली काय छापलंय हे त्याला आठवतही नाही.

मी अनुवादाचं काम करते. यंत्रं बनवणाऱ्या एका क्लायंटसाठी वापर-पुस्तिका मराठीत केली होती. पुस्तिका हातात पडली त्या दिवशी मी काही मागितलं नाही, कारण तेव्हा ते फार तर "छान झालंय" म्हणाले असते. पुस्तिका वापरात येऊन तीन आठवडे झाल्यावर हा निरोप पाठवला:

"सर, पुस्तिकेबद्दल माझ्या वेबसाइटवर तुमचा छोटा अभिप्राय टाकायची इच्छा आहे. तीन प्रश्न आहेत, एकेका ओळीत किंवा बोलून उत्तर दिलंत तरी चालेल. आधी काय अडचण येत होती? आता काय बदललं? काम देताना कसली शंका होती का? जुळवलेला मजकूर तुम्हाला दाखवूनच टाकेन. नाही जमलं तरी काही हरकत नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला. दीड मिनिटाचा, अधूनमधून विषय सोडून गेलेला. त्यातून एवढं निघालं: "आधी आमची माणसं पुस्तिका उघडायचीच नाहीत, सरळ आम्हाला फोन करायची. आता पान नंबर सांगून विचारतात. यंत्रातलं यांना कितपत कळेल अशी शंका होती, पण पहिल्याच आठवड्यात यांनी आमच्याच आकृतीतली चूक दाखवली."

"पान नंबर सांगून विचारतात" हे मला कधीच सुचलं नसतं. आकृतीतली चूक तर मी विसरूनही गेले होते.

तिन्हींत शंकेचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नव्या ग्राहकाच्या मनात बहुधा तीच शंका असते, आणि तिचं उत्तर आपल्यापेक्षा आधीच्या ग्राहकाच्या तोंडून जास्त पटतं. फक्त तो शेवटी ठेवावा, कारण सुरुवातीलाच विचारला तर माणूस सावध होऊन बोलतो.

जुळवताना मी एक नियम पाळते: वाक्यं कापायची, क्रम बदलायचा, शुद्धलेखन सुधारायचं, पण स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही. "बरं झालं"चं "उत्कृष्ट झालं" केलं की तो परत तयार मजकूरच होतो. साठेक शब्दांत बसेल एवढंच ठेवते. मग ते परत पाठवून नाव, पद आणि फोटो वापरू का, कुठे वापरू, हे स्पष्ट विचारते. कुठल्याही कंपनीत नावासाठी वरिष्ठांची परवानगी लागू शकते, तेव्हा मजकूर मान्य झाला म्हणजे नावही मान्य झालं असं धरू नये.

तयार मजकूर फक्त एकाच प्रसंगी बिनदिक्कत पाठवता येतो. क्लायंटने बोलता बोलता किंवा मेसेजमध्ये आधीच काही चांगलं म्हटलेलं असतं, तेव्हा. अशा वेळी प्रश्नही नकोत. "मंगळवारी तुम्ही हे लिहिलं होतं, जसंच्या तसं वापरू का?" एवढं पुरतं.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करते, आणि तेव्हा तीनऐवजी एकच प्रश्न ठेवते: आता काय बदललं?