क्रिएटिन कायनेज : व्यायामानंतरची आणि स्टॅटिन चालू असतानाची वाढ

क्रिएटिन कायनेज (सीके किंवा सीपीके) हे मुख्यतः स्नायूंच्या पेशींत असणारे विकर आहे. स्नायू आकुंचन पावताना लागणारी ऊर्जा झटपट भरून काढणे हे त्याचे काम. पेशीचे आवरण दुखावले की ते रक्तात झिरपते, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण स्नायूंच्या इजेचे माप ठरते. मात्र ही इजा कशाने झाली, हे आकडा सांगत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे घेणारा माणूस व्यायामही करत असेल, तर नेमका इथेच घोळ होतो.

सवय नसलेला व्यायाम, विशेषतः ज्यात स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो (उतारावरून धावणे, वजन सावकाश खाली आणणे), सीके सर्वांत जास्त वाढवतो. ही वाढ लगेच दिसत नाही. ती साधारण एक ते चार दिवसांत शिखर गाठते आणि विश्रांती मिळाल्यास बहुधा आठवडाभरात ओसरते. निरोगी माणसातही आकडा हजारांत जाऊ शकतो.

समजा, अटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्या एका पुरुषाचा सीके १,८०० युनिट प्रतिलिटर आला आणि त्या प्रयोगशाळेची कमाल मर्यादा २०० आहे. म्हणजे वाढ नऊपट. पण चौकशीत कळते की तपासणीच्या दोन दिवस आधी त्याने बऱ्याच खंडानंतर बैठका मारल्या होत्या. मांड्या दुखतात, पण ताकद शाबूत आहे, लघवीचा रंग नेहमीचा आहे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ठीक आहे. अशा वेळी डॉक्टर सहसा आठवडाभर व्यायाम थांबवून तपासणी पुन्हा करायला सांगतात. आकडा २३०वर आला, तर दोष बैठकांचा. तो तसाच राहिला किंवा चढला, तर संशय औषधावर जातो. त्याच अहवालात एएसटी हे विकर वाढलेले असले, तर ते यकृताचेच असे धरू नये. तेही स्नायूंतून येते.

मर्यादेच्या दहापटीहून जास्त सीके असल्यास स्टॅटिन थांबवून मूत्रपिंडाचे कार्य तपासतात. चहासारखी गडद लघवी, वाढता अशक्तपणा किंवा तीव्र वेदना असतील, तर आठवडाभर वाट न पाहता तातडीने उपचार घ्यावे लागतात : स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून बाहेर पडलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा जेमफायब्रोझिल हे रक्तातील चरबी कमी करणारे औषध घेतल्यास हा धोका वाढतो. थायरॉइडची कमतरता हेही सहज निसटणारे कारण. तिच्यामुळे सीके वाढतोच, शिवाय स्टॅटिनचा त्रास होण्याची शक्यताही वाढते.

औषध बंद केल्यावर सीके सहसा काही आठवड्यांत उतरतो. तसे न होता खांदे आणि मांड्यांचा अशक्तपणा वाढत गेला, तर स्टॅटिन ज्या विकराला रोखतात त्या एचएमजीसीआरविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करतात. ती आढळणाऱ्या विरळ आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्नायूंवर उलटलेली असते, आणि तिला आवरणारी औषधे द्यावी लागतात.