एन्थाल्पी चक्रातील हरवलेले चिन्ह: एका चुकीची पार्श्वभूमी

हेसच्या नियमावरील गणितांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. विद्यार्थी अभिक्रिया उलटी लिहितो, तिला हव्या त्या संख्येने गुणतो किंवा भागतो, पण ΔH चे चिन्ह मूळचेच राहते. तिला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे मला पुरेसे वाटत नाही, कारण उष्णता समीकरणात कुठे लिहावी हा संकेतच मधल्या काळात बदललेला आहे.

प्रक्रिया उलट्या दिशेने झाली की उष्णतेचे बदलही उलट होतात, हे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात, बर्फाच्या उष्मामापकावर काम करताना मांडले होते. जर्मेन हेन्री हेस यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे गंधकाम्ल वेगवेगळ्या प्रमाणात पाण्याने विरल करून मग अमोनियाने उदासीन केले. विरल करतानाची आणि उदासिनीकरणाची उष्णता मिळून बेरीज प्रत्येक वेळी सारखीच येते, असे त्यांना आढळले. १८४० मध्ये मांडलेला हा नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य होण्याआधीचा आहे, ही गोष्ट मला विशेष लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

पुढे थॉमसेन आणि बर्थेलो यांच्या पिढीत बाहेर पडणारी उष्णता धन धरली जात असे, आणि ती समीकरणातच उत्पादितांच्या शेजारी लिहिण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली:

C + O₂ → CO₂ + ३९३.५ किलोज्यूल

असे समीकरण उलटे लिहिले की उष्णता आपोआप डावीकडे जाते आणि दुपटीने लिहिले की तीही दुप्पट होते, म्हणजे चिन्हाचा वेगळा विचार करावाच लागत नाही. विसाव्या शतकात ऊष्मागतिकीचा दृष्टिकोन रुळला, तेव्हा हिशेब प्रणालीच्या बाजूने मांडला जाऊ लागला. ऊष्मादायी अभिक्रियेची ΔH ऋण ठरली आणि ती समीकरणाच्या बाहेर, बाजूला लिहिली जाऊ लागली. हा संकेत अधिक सुसंगत आहे यात शंका नाही, परंतु त्यामुळे बाण फिरवणे आणि चिन्ह फिरवणे ही दोन स्वतंत्र कामे झाली, आणि दुसरे काम राहून जाण्याची वाट मोकळी झाली.

ॲसिटिलीनचे उदाहरण घेऊ. बर्थेलो यांनी हा वायू हायड्रोजनमध्ये कार्बनच्या ध्रुवांदरम्यान विद्युतकंस पेटवून मूलद्रव्यांपासून थेट तयार केला होता. मात्र त्याची निर्मिती एन्थाल्पी सहसा ज्वलनाच्या उष्णतांवरूनच काढतात. दिलेली माहिती अशी:

C + O₂ → CO₂, ΔH = −३९३.५
H₂ + ½O₂ → H₂O (द्रव), ΔH = −२८५.८
2C₂H₂ + 5O₂ → 4CO₂ + 2H₂O (द्रव), ΔH = −२५९९.२ (सर्व किलोज्यूलमध्ये)

हवी असलेली अभिक्रिया 2C + H₂ → C₂H₂ आहे. पहिले समीकरण दुप्पट केले की −७८७.० मिळतात, दुसरे जसेच्या तसे राहते, आणि तिसरे उलटे करून निम्मे केले की +१२९९.६ मिळतात. बेरीज +२२६.८ किलोज्यूल प्रति मोल येते. तिसऱ्या समीकरणावर दोन क्रिया एकाच वेळी कराव्या लागतात, आणि घोटाळा नेमका तिथे होतो: निम्मे करणे लक्षात राहते, कारण सहगुणक डोळ्यांसमोर असतात, पण चिन्ह मागे राहते. मग उत्तर −२३७२.४ येते.

हे उत्तर चुकीचे आहे, हे उत्तरपत्रिका न पाहताही ओळखता येते. दोन मोल कार्बन आणि एक मोल हायड्रोजन पूर्ण जाळले तर एकूण १०७२.८ किलोज्यूल बाहेर पडतात. ॲसिटिलीन तयार होतानाच २३७२.४ किलोज्यूल निघून गेले असते, तर नंतर ते जाळताना १२९९.६ किलोज्यूल बाहेरून पुरवावे लागले असते. ज्या वायूच्या ज्योतीने पोलाद कापतात, त्याच्याबाबत हे अशक्य आहे, आणि दिलेल्या तिसऱ्या समीकरणाशीही ते विसंगत आहे. म्हणून मिळालेली किंमत पुन्हा चक्रात घालून दिलेल्यांपैकी एक समीकरण परत मिळते का, हे पाहणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

योग्य उत्तर हाती असेल, तर फरकच चुकीची जागा दाखवतो. येथे तो २५९९.२ आहे, म्हणजे १२९९.६ ची बरोबर दुप्पट. चिन्ह न बदलल्यास वापरलेल्या पदाच्या दुपटीइतका फरक पडतोच. चिन्ह बदलले पण निम्मे करणे राहिले असते, तर उत्तर +१५२६.४ आले असते आणि फरक १२९९.६ इतकाच, म्हणजे एकपट राहिला असता.

अर्थात फरक प्रति मोल पाण्यामागे ४४ किलोज्यूलच्या आसपास असेल, तर चिन्हाकडे पाहून उपयोग नाही; तिथे द्रवरूप पाण्याऐवजी वाफेची किंमत घेतली गेली आहे, आणि पुन्हा तपासायचे ते समीकरणांपुढे लिहिलेले अवस्थांचे निर्देश.