ओट्याची आणि सिंकची उंची ठरवण्यापूर्वी

नव्या घरात किंवा दुरुस्तीच्या वेळी ओटा किती उंच घ्यायचा, असे विचारले की बहुधा ठरावीक आकडा सांगितला जातो. आमच्या मते हा आकडा घरात सर्वाधिक वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या अंगावरूनच काढला पाहिजे आणि त्यासाठी दोन मापे पुरतात. स्वयंपाकघरात नेहमी वावरता तसे, म्हणजे अनवाणी किंवा चपला घालून, सरळ उभे राहावे. दंड अंगालगत ठेवून हात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. मग हात सैल सोडून मूठ वळावी व मुठीची उंची मोजावी.

चिरण्यासारख्या कामासाठी ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर साधारण ३८ इंचांवर आणि मूठ २६ इंचांवर येते असे धरले, तर तिच्यासाठी ३३ इंचांचा ओटा योग्य ठरतो. मात्र त्याच ओट्यावर चार इंच उंचीची शेगडी आणि तिच्यावर चार इंच खोल कढई ठेवली, की कढईचा काठ ४१ इंचांवर जातो आणि ढवळताना प्रत्येक वेळी खांदा उचलावा लागतो. म्हणून शेगडीखालचा भाग ३० इंचांवर घ्यावा, म्हणजे काठ कोपराच्या पातळीला राहतो. पोळ्या लाटताना वरून जोर द्यावा लागत असल्याने पोळपाटासाठीही हीच खालची पातळी सोयीची असते.

सिंकच्या बाबतीत हिशेब उलटा होतो, कारण भांडी काठावर नव्हे, तळाशी घासली जातात. ३३ इंचांच्या ओट्यात दहा इंच खोल सिंक बसवले, तर तळ २३ इंचांवर, म्हणजे मुठीच्याही तीन इंच खाली जातो आणि कंबर वाकवल्यावाचून हात पोहोचत नाही. तेथील ओटा ३५ इंचांवर घेऊन आठ इंच खोल सिंक निवडले, तर तळ २७ इंचांवर येतो. मोठे कुकर आणि पातेली घासताना उथळ सिंकमधून पाणी थोडे अधिक उडते, हे खरे. तरीही पाठ वाचवणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. काठ मात्र कोपराच्या वर जाऊ देऊ नये, अन्यथा पाणी ओघळून कोपराकडे येते. सिंकपुढे दगडाची पट्टी तीन इंचांच्या आसपास ठेवावी. ती रुंद झाली की पुढे झुकावे लागते आणि फार अरुंद केली की दगड तिथेच तडकण्याची भीती असते.

घरात दोन वेगळ्या उंचीच्या व्यक्ती स्वयंपाक करत असतील, तर चिरण्याचा ओटा कमी उंचीच्या व्यक्तीला जुळवावा. उंच व्यक्तीला जाड पाट ठेवून पातळी वाढवता येते, पण बुटक्या व्यक्तीने शेगडीजवळ चौरंगावर उभे राहणे धोक्याचे आहे.

सर्व मापे तयार फरशीपासून ओट्याच्या दगडाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची आहेत. जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल, तर तिची जाडी मसाल्यासह आम्हाला आधी कळवावी, कारण तेवढ्याने ओटा बुटका होतो.