लघवीच्या नळीची घरगुती निगा

मूत्राशयात बसवलेली रबरी किंवा सिलिकॉनची नळी (कॅथेटर) घेऊन रुग्ण घरी जातो, तेव्हा ती स्वच्छ आणि वाहती ठेवण्यासाठी रोज जे करावे लागते त्याची ही नोंद आहे. प्रोस्टेट वाढल्याने लघवी तुंबलेले पुरुष, मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीवरचा ताबा गेलेले रुग्ण आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नळी ठेवावी लागणारे रुग्ण यांच्याकडे ती सहसा दिसते. बहुतेकदा वापरली जाते ती फॉली नळी. तिच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. नळी आत गेल्यावर त्यात साधारण 10 मिली निर्जंतुक पाणी भरतात, म्हणून ती निसटत नाही. फुगा रिकामा न करता नळी ओढली तर मूत्रमार्ग फाटून रक्तस्राव होतो. त्यामुळे बाहेरचा भाग मांडीला चिकटपट्टीने लावून ठेवतात आणि थोडी ढील ठेवतात, म्हणजे कुशीवर वळताना ताण बसत नाही.

साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवडे, तर पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते. आपली कोणती आहे आणि ती कोणत्या तारखेला बदलायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. पुढच्या वेळी नळी घालणारी सिस्टर नळीचा नंबर, म्हणजे तिची जाडी, विचारतेच.

स्वच्छतेचे काम जितके साधे ठेवावे तितके बरे. दिवसातून दोनदा आणि शौचानंतर साध्या साबणाने व कोमट पाण्याने नळीभोवतीची जागा धुवावी. मग नळी शरीराजवळ बोटांनी धरून ठेवावी आणि तिथून बाहेरच्या दिशेने दहाएक सेंटिमीटर पुसून घ्यावी. उलट दिशेने पुसले तर मळ आत ढकलला जातो. बायकांनी पुढून मागे धुवावे. पुरुषांनी शिश्नाची पुढची कातडी मागे सारून धुवावी आणि नंतर ती आठवणीने पुढे आणावी. मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन ती अडकते, आणि त्यासाठी पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. जंतुनाशक द्राव, पावडर किंवा मलम लावायचा मोह पुष्कळांना होतो. त्याने जंतुसंसर्ग टळत नाही, उलट कातडी सोलते. आंघोळ नळीसकट करता येते. पिशवी मात्र काढायची नाही.

जंतू आत शिरायची सोपी वाट म्हणजे नळी आणि पिशवी जोडलेली जागा. म्हणून ती विनाकारण उघडू नये. दोन लिटरची पिशवी दोन तृतीयांश भरली की खालचा नळ उघडून ती रिकामी करावी. तसे करताना नळाचे टोक भांड्याला किंवा कमोडला टेकू देऊ नये. पिशवी साधारण आठवड्याने बदलतात. त्याची पद्धत अशी : हात साबणाने धुवावे, जुनी पिशवी रिकामी करावी, नव्या पिशवीचा खालचा नळ बंद आहे याची खात्री करावी. जोडणीची जागा स्पिरिटच्या कापसाने पुसावी. नळी बोटांनी क्षणभर दुमडून धरावी, जुनी पिशवी काढावी, नव्या पिशवीचे टोपण अगदी शेवटी काढून टोकाला हात न लावता ती जोडावी आणि नळी सोडून द्यावी. चिमटा लावून नंतर तो काढायला विसरण्यापेक्षा बोटे बरी. बदलल्याची तारीख पिशवीवर पेनाने लिहावी.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये. घरात या दोन्ही गोष्टी एकदम जमवणे अवघड जाते. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्याची पिशवी लोंबणार तरी कुठे? अशा माणसाला नळी असेपर्यंत खाटेवर झोपवावे. खाट बसकी असेल तर पिशवी स्वच्छ घमेल्यात ठेवावी. रिक्षात बसताना पिशवी मांडीवर घेण्याची सवयही सोडावी, कारण शिळी लघवी उलटी मूत्राशयात जाते.

नळी तुंबणे हा घरी उद्भवणारा सर्वांत तातडीचा प्रसंग आहे. त्याची कारणे निरनिराळी असतात. पिळा पडलेली किंवा अंगाखाली दबलेली नळी हे साधे कारण. बद्धकोष्ठाने फुगलेले आतडे बाहेरून दाब देते, हे दुसरे. शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या येतात. महिनोन्महिने नळी असलेल्यांत मात्र मुख्य गुन्हेगार म्हणजे खवली. काही जंतू, विशेषतः प्रोटियस, लघवीतल्या युरियाचे अमोनियात विघटन करतात. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे फॉस्फेट नळीच्या आत आणि फुग्यावर थरावर थर जमतात, जसे गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात. नळीत पांढरट चुरा आणि लघवीला उग्र वास ही त्याची पूर्वसूचना असते. पिशवी जांभळी पडली तर बहुतेक लोक घाबरतात. तोही जंतूंचाच रंग असतो आणि बहुधा बद्धकोष्ठासोबत येतो. ताप नसेल तर तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितला तरी चालतो.

एक नमुना पाहू. बहात्तर वर्षांच्या एका आजोबांची प्रोस्टेटसाठीची नळी तीन आठवड्यांपूर्वी बसवलेली आहे. रात्री दहाला पिशवीत 300 मिली लघवी होती, तीन वाजताही तेवढीच आहे. मोठ्या माणसाची लघवी तासाला सुमारे 50–60 मिली होते, म्हणजे या पाच तासांत 250 ते 300 मिली आत साठली आहे. ओटीपोट टणक लागते, आजोबा तळमळतात आणि नळीच्या बाजूने धोतर ओले होते. नळीशेजारून गळते आहे म्हणजे लघवी होते आहे, असे समजून घरचे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात ती तुंबल्याची खूण असू शकते. आता आधी नळीचा पिळा आणि दाब पाहायचा, पिशवी खाली आहे का पाहायचे, आजोबांना कुशीवर वळवायचे. तरी लघवी आली नाही, तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात जायचे. घरी सिरिंजने पाणी मारून नळी मोकळी करायचा प्रयत्न करू नये, ते शिकवलेल्या माणसाचे काम आहे. याच वेळी भरपूर पाणी पाजणे तर सरळ चुकीचे, कारण आत साठा वाढतो.

एरवी दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. हृदयविकार किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितले असेल, तर डॉक्टरांचा आकडाच पाळावा. थंडी वाजून ताप, कमरेत दुखणे, लाल किंवा गुठळ्यांची लघवी, म्हाताऱ्या माणसाचे एकाएकी असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही झाले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. छातीच्या मध्यापासून वर मणक्याला दुखापत झालेल्या रुग्णाला तुंबलेल्या नळीने डोके ठणकणे, दुखापतीच्या वरच्या भागात घाम येणे आणि रक्तदाब एकदम चढणे असा झटका येऊ शकतो. त्याला लगेच उठवून बसवावे, पिळा सोडवावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

नळी काढल्यावर तिचे टोक सिस्टरला दाखवायला सांगावे. खवलीने बंद झाले असेल आणि प्रत्येक वेळी तीन आठवड्यांतच हे होत असेल, तर पुढची नळी तिसऱ्या आठवड्याच्या आधीच बदलायची तारीख ठरवून घ्यावी.