तांत्रिक पुस्तिकांतील उसन्या इंग्रजी नामांचे लिंग

इंग्रजीतून आलेल्या तांत्रिक नामाला मराठी वाक्यात कोणते लिंग द्यायचे हे लिहिण्याआधी ठरवणे आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच पाळणे, अशी ही संपादनातील रीत आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना व्याकरणिक लिंग नसते. मराठीत प्रत्येक नामाला तिन्हींपैकी एक लिंग असावेच लागते, आणि ते नामापुरते थांबत नाही. सर्वनाम, विकारी विशेषण, चा-ची-चे आणि क्रियापद या सगळ्यांवर त्याचा ठसा उमटतो. त्यामुळे ‘व्हॉल्व्ह’ एका पानावर ‘उघडला’ आणि दुसऱ्या पानावर ‘उघडली’ असेल, तर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या वस्तूंबद्दल सांगितले आहे असे वाटू शकते.

नागपुरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि मराठी-हिंदी दोन्ही भाषांत इथला व्यवहार चाले. आजही बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात एकच फिटर एका सहकाऱ्याशी मराठीत आणि दुसऱ्याशी हिंदीत बोलतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही. म्हणून मराठीतले नपुंसक उसने शब्द हिंदीत पुल्लिंगी तरी होतात किंवा स्त्रीलिंगी तरी: इंजिन, स्टेशन, कनेक्शन तिथे पुल्लिंगी, तर मशीन स्त्रीलिंगी. मग मराठी बोलतानाही ‘इंजिन बंद पडला’ असे तोंडातून निघते. बोलण्यात त्याने काही अडत नाही, कारण वस्तू समोर असते. पुस्तिकेत वस्तू समोर नसते, शब्दच असतो.

काटोल-नरखेड भागातल्या संत्रा बागांसाठी ठिबक संचाची पुस्तिका लिहायची आहे असे धरू. त्यात फिल्टर, व्हॉल्व्ह, व्हेंच्युरी, लॅटरल, सबमेन, ड्रिपर, गॅस्केट, कपलिंग, ओ-रिंग, मोटर, स्टार्टर असे शब्द येणारच. त्यांना शुद्ध मराठी पर्याय शोधता येतील, पण दुकानात सुटा भाग मागायला गेलेल्या शेतकऱ्याला ‘गॅस्केट’ हाच शब्द लागतो. शब्द उसनाच ठेवायचा हे एकदा ठरले की लिंगाचा प्रश्न येतो.

पहिला कौल रूढीचा. मोटर जळली, वायर तुटली, पंप बिघडला, इंजिन गरम झाले: या शब्दांची लिंगे लोकांनी कधीच ठरवून टाकली आहेत आणि संपादकाने त्यांत हात घालू नये. रूढी तपासायची तर कुणाला ‘गॅस्केटचे लिंग कोणते?’ असे विचारून उपयोग नाही. माणूस शाळेतले व्याकरण आठवू लागतो आणि मनाने उत्तर देतो. त्याऐवजी ‘काय बिघडलं होतं?’ असे विचारावे. भूतकाळी क्रियापदात लिंग आपोआप बाहेर पडते: फाटला, फाटली की फाटलं. विचारणाराने मराठीतच विचारावे आणि उत्तरही मराठीत घ्यावे. हिंदीतल्या उत्तरावरून मराठीतले लिंग काढले की चूक झालीच.

रूढी ठाम नसेल तर शब्दाच्या शेवटाकडे पाहावे. एकाच इंग्रजी शेपटीचे शब्द मराठीत बहुधा एकाच गोटात जातात. कपलिंग, बेअरिंग, वायरिंग, फिटिंग ही नपुंसक. कनेक्शन, स्टेशन, इंजेक्शन हीही नपुंसक. काम करणारी वस्तू दाखवणारे फिल्टर, ड्रिपर, स्टार्टर, प्रिंटर पुल्लिंगी. ईकारान्त बॅटरी, आणि तिच्यामागून व्हेंच्युरी, स्त्रीलिंगी. मात्र इथे कान फसवतो. ‘ओ-रिंग’ आणि ‘स्प्रिंग’ ऐकायला कपलिंगसारखे वाटतात, पण त्यांतले ‘इंग’ हा प्रत्यय नाही, मूळ शब्दाचाच भाग आहे. म्हणून रिंग बसवली, स्प्रिंग तुटली असेच आपण म्हणतो. मोटरचा शेवट स्टार्टरसारखा असूनही ती स्त्रीलिंगी राहिली, आणि टीव्ही ईकारान्त असूनही पुल्लिंगी. शेवटावरून काढलेला नियम नवख्या शब्दासाठी असतो. रुळलेल्या शब्दाला तो लावायचा नाही.

तिसरा आधार म्हणजे जवळचा मराठी शब्द. कार आणि बस स्त्रीलिंगी झाल्या त्यामागे ‘गाडी’ असावी असे सहज वाटते. हा आधार उपयोगाचा आहे, पण तो शेवटी घ्यावा, कारण जवळचा शब्द माणसागणिक बदलतो. गॅस्केट घ्या. कुणाच्या मनात ‘चकती’ असते, म्हणून ‘गॅस्केट फाटली’. कुणी त्याला नुसते ‘रबर’ म्हणतो, म्हणून ‘फाटलं’. शेवट पाहिला तर तिकीट, पाकीट, जॅकेट, सॉकेट, रॉकेट अशी मोठी नपुंसक रांग दिसते. त्या रांगेत गॅस्केट बसवले की वाचणाऱ्याच्या जिभेला ते खटकत नाही. म्हणून गॅस्केट नपुंसक. याउलट लॅटरलला असा भरवशाचा गोट नाही. सिग्नल पुल्लिंगी, टर्मिनल नपुंसक. ‘अल’वरून काहीच ठरत नाही. इथे मात्र मराठी शब्द एकच आणि पक्का आहे: नळी. बागेत अंथरायच्या त्या नळ्याच. तेव्हा लॅटरल स्त्रीलिंगी, आणि अनेकवचनात शब्द तसाच ठेवून ‘लॅटरल अंथरल्या’.

सबमेनचे भांडण वेगळे आहे. ‘पाइप’ मनात धरला तर पुल्लिंगी, ‘लाइन’ धरली तर स्त्रीलिंगी, आणि दोन्ही शब्द तितकेच जवळचे. अशा वेळी वाद न घालता पूर्ण नाव लिहावे. मराठीत जोडनावाचे लिंग शेवटच्या शब्दावरून ठरते: ‘स्क्रीन फिल्टर’ पुल्लिंगी, कारण फिल्टर पुल्लिंगी, पण त्याच्या आतली ‘फिल्टर स्क्रीन’ स्त्रीलिंगी. तसे ‘सबमेन पाइप’ लिहिले की तो पुल्लिंगी झाला आणि प्रश्न मिटला. आद्याक्षरांच्या नावांनाही हीच युक्ती चालते. एमसीबी ईकारान्त असल्याने ‘पडली’ म्हटली जाते, पण ‘मिनिएचर सर्किट ब्रेकर’ या तिच्या पूर्ण नावातला शेवटचा शब्द ‘ब्रेकर’ पुल्लिंगी आहे. पुस्तिकेत ‘एमसीबी स्विच’ असे लिहून स्विचचे लिंग एकदा ठरवले तर दोन्हीकडची ओढ संपते.

ठरवलेले लिंग शब्दसूचीत नुसते ‘पु.’ किंवा ‘न.’ लिहून नोंदवणे पुरत नाही. प्रत्येक शब्दापुढे एक भूतकाळी वाक्य, अनेकवचन आणि विभक्तीचे रूप द्यावे. कारण लिंग ठरले तरी सामान्यरूप ठरत नाही. पंप जुना आणि रुळलेला, म्हणून ‘पंपाचा’. व्हॉल्व्ह मात्र ‘व्हॉल्व्हचा’, ‘व्हॉल्व्हाचा’ नव्हे. इंजिनाचे अनेकवचन ‘इंजिने’ सहज होते, पण कपलिंगचे ‘कपलिंगे’ कुणी म्हणत नाही. ‘दोन कपलिंग बसवली’ इथे लिंग केवळ क्रियापदात दिसते. लेखक दोन असतील तर पहिला गोंधळ या रूपांतच होतो.

सर्वांत जास्त चुका मात्र लिंग न ठरल्याने होत नाहीत. शब्द मागाहून बदलल्याने होतात. पहिल्या मसुद्यात वाक्य असे होते: ‘ही काळी नळी फिल्टरला जोडलेली असते.’ छपाईआधी कुणीतरी ठरवले की ‘नळी’ऐवजी ‘पाइप’ लिहायचे, आणि संगणकावर एका फटक्यात सगळीकडे शब्द बदलला. आता वाक्य झाले ‘ही काळी पाइप फिल्टरला जोडलेली असते’. सूचीत पाइप पुल्लिंगी आहे. ते दुरुस्त करताना नामाला धक्का न लावता चार शब्द बदलावे लागतात: ‘हा काळा पाइप फिल्टरला जोडलेला असतो.’ संगणक नाम बदलतो, त्याच्या मागेपुढे असलेले चार शब्द तसेच सोडतो. म्हणून शब्द बदलायचा झाला की त्याचे प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी वाचावे लागते, आणि ठिकाणे शंभर असली तरी यातून सुटका नाही.

तपासणीसाठी शोध घेता येतो. व्हॉल्व्ह पुल्लिंगी ठरला असेल तर साध्या मजकुराच्या फायलींत असे शोधावे:

```
grep -nE 'व्हॉल्व्ह (उघडली|उघडले|बसवली|बसवले)' *.txt
```

यातून सापडलेली प्रत्येक ओळ चुकीची असेलच असे नाही. ‘दोन व्हॉल्व्ह उघडले’ हे बरोबर आहे, कारण पुल्लिंगी अनेकवचन आणि नपुंसक एकवचन या दोन्हींचे क्रियापद ‘-ले’नेच संपते. तसेच ‘-ली’ हे स्त्रीलिंगी एकवचन असते आणि नपुंसक अनेकवचनही. आणखी एक सापळा चा-ची-चेचा. ‘व्हॉल्व्हचे झाकण’ यातला ‘चे’ झाकणाचे लिंग सांगतो, व्हॉल्व्हचे नाही. व्हॉल्व्हचे लिंग पाहायचे तर त्याच्या आधीचा प्रत्यय पाहावा: ‘फिल्टरचा व्हॉल्व्ह’.

आज्ञार्थात लिंग दिसत नाही. ‘व्हॉल्व्ह उघडा, गॅस्केट बसवा, लॅटरल धुवा’ ही वाक्ये कोणत्याही लिंगाला चालतात. म्हणून काही लेखक सगळी पुस्तिका आज्ञार्थात लिहून प्रश्न टाळायला बघतात. कृतीच्या पायऱ्यांपुरते ते ठीक आहे. पण ‘बसवले आहे याची खात्री करा’, ‘अडकला असेल तर’, ‘गळत असेल तर तो बदला’ अशी वाक्ये आली की लिंग दारात उभे राहते, आणि बिघाड शोधण्याचे प्रकरण तर जवळजवळ सगळे अशाच वाक्यांचे असते. पुस्तिका तपासायला वेळ थोडा असेल, तर तेच प्रकरण आधी वाचावे.

लिंग नीट पाळल्याचा खरा लाभ सर्वनामांत मिळतो. ‘फिल्टरमधून ओ-रिंग काढा. ती धुवून पुसा’ इथे ‘ती’ म्हणजे ओ-रिंगच, कारण फिल्टर ‘तो’ आहे. एका अक्षराने संदर्भ पक्का झाला. पण ‘झाकण उघडून गॅस्केट काढा. ते धुवा’ इथे झाकणही ‘ते’ आणि गॅस्केटही ‘ते’. हे टाळण्यासाठी गॅस्केटला पुल्लिंगी करू नये. सोयीसाठी लिंग वाकवले की ते पुढच्या पानावर उलटते. एका वाक्यात दोन समलिंगी नामे आली की सर्वनाम सोडून नामच पुन्हा लिहावे: ‘झाकण उघडून गॅस्केट काढा. गॅस्केट स्वच्छ पाण्याने धुवा.’ वाक्य थोडे ओबडधोबड होते, पण बागेत पाना हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला काय धुवायचे ते कळते.