सर्व्हरचा रीजन निवडण्याआधी: अंतर नेमकं कुठपर्यंत मोजायचं?

ट्रेडिंगसाठी आमच्याकडून घेतलेल्या सर्व्हरचा रीजन, म्हणजे तो ज्या शहरात आहे ते ठिकाण, बदलून द्या, अशी विनंती आली की आम्ही आधी विचारतो: पिंग कोणत्या पत्त्याला केलं होतं? उत्तर बहुतेकदा येतं, ब्रोकरच्या वेबसाइटला. घोळ तिथेच होतो. वेबसाइट सहसा सीडीएनमागे असते, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांपैकी जो जवळ असेल तो उत्तर देतो. फ्रँकफर्टहून पाहा की टोकियोहून, दोन-तीन मिलिसेकंदच दिसतात. तुमची ऑर्डर मात्र जाते ट्रेड सर्व्हरकडे, आणि तो एका ठरावीक डेटा सेंटरमध्ये बसलेला असतो.

समजा, तुम्ही फ्रँकफर्ट घेतलं आणि ट्रेड सर्व्हर न्यूयॉर्कजवळ निघाला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. या दोन शहरांतलं सरळ अंतरच सुमारे ६,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६२ मिलिसेकंद लागणारच. केबल वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात ८०-९० होतात. रॅम कितीही वाढवली तरी हा आकडा हलत नाही.

मेटाट्रेडर ५ च्या कोपऱ्यातलं पिंगही फसवू शकतं. ते ॲक्सेस सर्व्हरपर्यंतचं, म्हणजे टर्मिनल आधी ज्याला जोडलं जातं त्या सर्व्हरपर्यंतचं असतं. तिथून ट्रेड सर्व्हर दुसऱ्या खंडातही असू शकतो. त्यापेक्षा सर्वात छोट्या लॉटची ऑर्डर टाका आणि जर्नलमध्ये `done in` पुढचा आकडा पाहा. हे लाइव्ह खात्यावर करा, कारण डेमोचा सर्व्हर बऱ्याचदा वेगळा असतो. वरच्या उदाहरणात फ्रँकफर्टहून १९० आणि न्यूयॉर्कहून १०५ आले, तर वाचलेले ८५ अंतराचे होते. उरलेला बहुतेक वेळ ब्रोकरकडच्या प्रक्रियेचा. तो कुठल्याच रीजनने कमी होणार नाही. एक-दोन ऑर्डरींवर भरवसा ठेवू नका, आकडे वरखाली होतात.

हे ८५ मिलिसेकंद कोणाला लागतात? स्कॅल्पिंग करणाऱ्यांना, बातमीच्या क्षणी मार्केट ऑर्डर टाकणाऱ्यांना. तासाची कँडल बंद झाल्यावर निर्णय घेणाऱ्या एक्स्पर्टला, म्हणजे आपोआप ट्रेड करणाऱ्या प्रोग्रामला, त्याने सहसा काही फरक पडत नाही. सर्व्हर सतत चालू राहणं त्याच्यासाठी जास्त मोलाचं. स्टॉप लॉस तर ब्रोकरच्या सर्व्हरवरच नोंदलेला असतो, तुमच्या अंतराशी त्याचा संबंध नाही. ट्रेलिंग स्टॉप मात्र टर्मिनलमधून, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरून चालतो.

राहिली ‘माउस अडखळतो’ ही तक्रार. दूरच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप जड वाटतोच, पण तो उशीर तुमच्या आणि सर्व्हरच्या मधला. आपोआप जाणाऱ्या ऑर्डरच्या वाटेत तो येत नाही. म्हणून सर्व्हर घराजवळ आणू नका.

रीजन बदलणं म्हणजे आमच्याकडे नवा सर्व्हर उभारणं: नवा आयपी, टर्मिनल आणि एक्स्पर्ट पुन्हा बसवणं. त्यामुळे नोंदणीआधी ट्रेड सर्व्हरचं नाव मागतो, काहींना ती चौकशी वाटते. नाव कळवलंत, तर दोन-तीन रीजनमध्ये चाचणी सर्व्हर विनामूल्य उघडून देतो. `done in` चे आकडे तुम्हीच पाहा आणि मग पैसे भरा.