वायपीएलएल आणि वायएलएल: गमावलेली वर्षे मोजण्याच्या दोन रीती

मृत्यू नुसते मोजले तर विसाव्या वर्षी गेलेला आणि ऐंशीव्या वर्षी गेलेला माणूस यादीत सारखाच धरला जातो. म्हणून प्रत्येक मृत्यूला वयानुसार वजन देतात: माणूस जितका लवकर गेला, तितकी जास्त वर्षे गमावली. पण गमावली म्हणजे कुठपर्यंतची? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि त्यांची नावे इतकी सारखी आहेत की अहवालांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो.

वायपीएलएल, म्हणजे संभाव्य आयुष्याची गमावलेली वर्षे, यात आधीच एक वय ठरवतात आणि मृत्यूचे वय त्यातून वजा करतात. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९८२ मध्ये आपल्या साप्ताहिकात हे माप द्यायला सुरुवात केली तेव्हा ही मर्यादा ६५ होती. आता ७५ जास्त दिसते. मर्यादेपलीकडच्या मृत्यूला शून्य वर्षे.

वायएलएल, म्हणजे आयुष्याची गमावलेली वर्षे, हे जागतिक रोगभार अभ्यासातले माप. त्यात एकच मर्यादा नसते. ज्या वयात मृत्यू झाला, त्या वयाला अजून किती वर्षे अपेक्षित होती, हे प्रमाणित आयुर्मान सारणीतून घेतात. २०१० च्या अभ्यासातल्या सारणीत जन्मतः ८६ वर्षे आहेत, पण ८० व्या वर्षीही सुमारे ११ वर्षे उरलेली धरली आहेत. म्हणजे इथे कुणाचाच मृत्यू शून्य होत नाही.

फरक कळण्यासाठी एक कल्पित हिशेब करू. रस्ते अपघातात ६ मृत्यू झाले, सगळे २० व्या वर्षी. हृदयविकाराने १० गेले: २ जण ५० व्या, ३ जण ७० व्या आणि ५ जण ८० व्या वर्षी. मर्यादा ७५ धरली तर अपघातांची ६ × ५५ = ३३० वर्षे. हृदयविकाराची २ × २५ आणि ३ × ५ मिळून ६५. ऐंशीतल्या पाचांचे काहीच नाही. अपघातांचा भार पाचपट दिसतो.

आता सारणी लावू. २०, ५०, ७० आणि ८० या वयांना ती अनुक्रमे साधारण ६६, ३७, १९ आणि ११ वर्षे देते. अपघात ३९६. हृदयविकार ७४ + ५७ + ५५ = १८६. पाचपट होते ते दुपटीच्या थोडे वर येऊन थांबले. उलट वायपीएलएलची मर्यादा ६५ केली, तर २७० विरुद्ध ३०, म्हणजे नऊपट! माणसे तीच, मृत्यू तेच. त्यामुळे मर्यादा न सांगता दिलेला वायपीएलएलचा आकडा माझ्या मते वाचण्याच्याही लायकीचा नसतो.

स्प्रेडशीटमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे ७५ वजा ८० चे उणे ५ बेरजेत तसेच राहते. वरच्या उदाहरणात हृदयविकाराचे ६५ घसरून ४० होतील, आणि बेरीज धनच असल्याने कुणाला शंकाही येणार नाही. स्तंभ A मध्ये वय आणि B मध्ये मृत्यू असतील तर सूत्र असे हवे:

```
=MAX(0,75-A2)*B2
```

नेमके वय नसून वयोगट असतील तर गटाचा मध्य घेतात. १५ ते २४ चा मध्य २० धरावा, १९.५ नव्हे, कारण वय पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदतात आणि २४ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचे सगळे येतात. ७० ते ७९ असा गट आला की मर्यादा ७५ ठेवता येत नाही, कारण ती गटाच्या पोटातून जाते. वायएलएलची अडचण याच्या उलट. ‘७५ व त्यापुढे’ असा एकच उघडा गट वायपीएलएलला चालतो, तिथे सगळे शून्यच असते. पण वायएलएलला तो फोडूनच हवा, कारण ७६ आणि ९० या वयांच्या उरलेल्या वर्षांत मोठी तफावत असते.

अर्भकांचे काय? एका वर्षाच्या आतला प्रत्येक मृत्यू जवळजवळ ७५ वर्षांची भर घालतो आणि थोडे मृत्यूही बेरीज व्यापून टाकतात. म्हणून काही जण वायपीएलएल एक वर्षाच्या पुढेच मोजतात. तसे केले असेल तर तेही लिहावे लागते.

दर काढताना भाजक बदलतो. वायपीएलएल ७५ ला फक्त ७५ वर्षांखालील लोकसंख्येने भागून १,००,००० ने गुणतात, वायएलएलला संपूर्ण लोकसंख्येने भागतात. वायपीएलएललाही संपूर्ण लोकसंख्या लावली तर जिथे वृद्ध जास्त, तिथला दर विनाकारण कमी दिसतो. भाजक बरोबर असला तरी दोन जिल्ह्यांची तुलना करायची असेल, तर वयरचनेतला फरक काढायला दर वयानुसार प्रमाणित करूनच घ्यावे लागतात.